एकूण कोलेस्टेरॉल नॉर्मल, मग ट्रायग्लिसराइड का वाढले? धूम्रपान, अपुरी झोप आणि सततच्या ताणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औद्योगिक पट्ट्यात दवाखाना चालवणाऱ्या फिजिशियनच्या टेबलावर एका ठरावीक प्रकारचा रिपोर्ट वारंवार येतो. एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत असते, एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलही फारसे वाढलेले नसते, पण ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या चरबीसमोर वाढल्याची आणि एचडीएल म्हणजे ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलसमोर घटल्याची खूण असते. रिपोर्ट आणणारा माणूस तेल-तूप मोजून खात असल्याचे सांगतो आणि ते खरेही असते. पुढची उत्तरे मुख्यतः याच रिपोर्टविषयी आहेत. सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर या एककात आहेत.

धूम्रपान, जागरण आणि ताण यांमुळे नेमका कोणता आकडा बदलतो?

प्रामुख्याने दोन आकडे बदलतात. ट्रायग्लिसराइड वाढते आणि एचडीएल घटते. एलडीएलवर या तिन्ही गोष्टींचा परिणाम होतो, पण तो लहान असतो आणि अनेकदा आकड्यात दिसतही नाही. ट्रायग्लिसराइड उपाशीपोटी १५० च्या आत असावे, १५० ते १९९ ही सीमारेषा आणि २०० च्या पुढे ते वाढलेले, असे मानतात. एचडीएल पुरुषांत ४० पेक्षा आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी असले तर ते कमी समजले जाते. भारतीयांमध्ये मुळातच कमी एचडीएल आणि जास्त ट्रायग्लिसराइड ही जोडी बरीच आढळते, त्यामुळे सिगारेट किंवा जागरण जो धक्का देते तो आधीच कललेल्या तराजूला बसतो.

या परिणामाला ‘अप्रत्यक्ष’ का म्हणतात? सिगारेटमध्ये किंवा जागरणात चरबी कुठे असते?

चरबी त्यांत नसतेच. ती आपल्याच शरीरातून, आपल्याच यकृतातून रक्तात येते, आणि या तीन गोष्टी ती बाहेर पडण्याची वाट मोकळी करतात. ही वाट एकदा नीट समजून घेतली की पुढची बहुतेक उत्तरे आपोआप कळतात, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या चरबीच्या पेशींमध्ये ट्रायग्लिसराइड साठवलेले असते. हा साठा पेशीत धरून ठेवण्याचे काम इन्शुलिन करते, तर तो फोडून त्यातली मेदाम्ले रक्तात सोडण्याचा हुकूम ॲड्रेनलिन हे संप्रेरक देते. निकोटिनने ॲड्रेनलिन वाढते, तणावाने वाढते आणि अपुऱ्या झोपेनेही वाढते. शिवाय ताण आणि जागरण यांमुळे कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक नको त्या वेळी चढे राहते, विशेषतः संध्याकाळी, जेव्हा ते उतरायला हवे असते. असे महिनोन्‌महिने चालले की पेशी इन्शुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाहीत आणि साठ्यावरचा पहारा ढिला पडतो.

सुटलेली मेदाम्ले यकृतात पोहोचतात. यकृत त्यांचे पुन्हा ट्रायग्लिसराइड बनवते, व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरते आणि रक्तात पाठवते. रिपोर्टमधले उपाशीपोटीचे ट्रायग्लिसराइड म्हणजे मुख्यतः हेच. आता या व्हीएलडीएलची एचडीएलशी देवाणघेवाण होते: एचडीएल आपले कोलेस्टेरॉल देते आणि बदल्यात ट्रायग्लिसराइड घेते. असे ट्रायग्लिसराइडने भरलेले एचडीएल लवकर मोडते आणि शरीराबाहेर जाते. म्हणूनच एक आकडा चढला की दुसरा उतरतो. ते दोन वेगळे आजार नसून एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत.

हीच देवाणघेवाण एलडीएलशीही होते आणि त्यामुळे एलडीएलचे कण लहान व घट्ट होतात. समजा, तितकाच माल मोठ्या ट्रकऐवजी लहान टेम्पोंतून जाऊ लागला. मालाचे वजन तेवढेच राहील, पण रस्त्यावर गाड्या जास्त होतील. लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइडची ही रक्तचाचणी, मालाचे वजन करते, गाड्या मोजत नाही, आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतात त्या गाड्या. एलडीएल ११५ दिसते म्हणून निश्चिंत होणाऱ्या माणसाची फसगत इथे होते. कणांची संख्या कळण्यासाठी एपो-बी नावाची वेगळी चाचणी आहे. ती परवडत नसेल तर एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करावे. मिळालेल्या आकड्याला नॉन-एचडीएल म्हणतात, त्यासाठी जादा पैसा लागत नाही आणि या प्रकारच्या रिपोर्टमध्ये तो एकट्या एलडीएलपेक्षा अधिक भरवशाचा असतो.

सिगारेट-बिडीमुळे आकड्यांत कितीसा फरक पडतो?

अनेक अभ्यास एकत्र करून १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात, न ओढणाऱ्यांच्या तुलनेत ओढणाऱ्यांचे ट्रायग्लिसराइड सुमारे ९ टक्क्यांनी जास्त, एचडीएल सुमारे ६ टक्क्यांनी कमी आणि एलडीएल जेमतेम २ टक्क्यांनी जास्त आढळले. ओढण्याचे प्रमाण जितके जास्त तितका फरकही जास्त होता.

हे आकडे वाचून ‘एवढेच?’ असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर स्पष्टपणे द्यायला हवे. धूम्रपानाचे हृदयावरचे बहुतेक नुकसान लिपिड प्रोफाइलमध्ये दिसतच नाही. धुरातली द्रव्ये रक्तवाहिनीचे आतले अस्तर दुखवतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवतात आणि एलडीएलच्या कणांचे ऑक्सिडीकरण करतात. ऑक्सिडीकरण झालेले एलडीएल भिंतीतल्या पेशी अधाशीपणे गिळतात आणि तिथे थर साचू लागतो. नेहमीच्या प्रयोगशाळेत हे मोजले जात नाही. दोन माणसांचे एलडीएल ११५ असेल आणि त्यांतला एक ओढत असेल, तर दोघांचे ११५ सारखे नव्हे. चांगला रिपोर्ट हा सिगारेट चालू ठेवण्याचा परवाना ठरत नाही, हे मी प्रत्येक ओढणाऱ्याला रिपोर्ट हातात देतानाच सांगतो.

मी ओढत नाही, फक्त तंबाखू मळतो. घरी आई मशेरी लावते. आम्हांला हे लागू आहे का?

महाराष्ट्रात हा प्रश्न सिगारेटपेक्षा मोठा आहे. २०१६-१७ च्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात ओढणाऱ्यांपेक्षा खाणाऱ्या-लावणाऱ्यांचे प्रमाण कितीतरी जास्त होते. गालात धरलेल्या तंबाखूतून किंवा हिरड्यांवर घासलेल्या मशेरीतून निकोटिन रक्तात जातेच, आणि ते हळूहळू पण दीर्घकाळ येत राहते. त्यामुळे ॲड्रेनलिनची वर सांगितलेली साखळी इथेही सुरू होते. धुरामुळे होणारे ऑक्सिडीकरण मात्र इथे त्या प्रमाणात नसते, आणि लिपिडच्या आकड्यांवरचा परिणामही सिगारेटइतका एकसारखा आढळत नाही. तोंडाच्या कर्करोगाचा धोका इतका मोठा आहे की तंबाखू सोडण्यासाठी लिपिड प्रोफाइलच्या पुराव्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मशेरीविषयी एक सूचना: दवाखान्यात ‘तंबाखू खाता का’ असे विचारले तर मशेरी लावणाऱ्या स्त्रिया ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ती दात घासण्याची वस्तू असते. आईच्या वतीने तुम्ही ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

सिगारेट सोडून तीन महिने झाले आणि ट्रायग्लिसराइड उलट वाढले. असे कसे?

हा प्रश्न विचारणारे लोक खूप निराश झालेले असतात आणि काहीजण त्याच संध्याकाळी पुन्हा ओढू लागतात, म्हणून याचे उत्तर नीट वाचावे.

सिगारेट सोडल्यावर एचडीएल काही आठवड्यांतच सुधारू लागते. ही वाढ साधारण २ ते ४ अंकांची असते, त्याहून मोठ्या आकड्याची अपेक्षा ठेवू नये. ट्रायग्लिसराइड आणि एलडीएल मात्र केवळ सिगारेट सोडल्याने फारसे हलत नाहीत, याचे मोठे कारण म्हणजे वाढणारे वजन. निकोटिन भूक दाबते आणि शरीराचा ऊर्जाखर्च किंचित वाढवते. ते बंद झाले की भूक परत येते, जिभेची चव परत येते, आणि हाताला व तोंडाला काहीतरी हवे असते. सोडणाऱ्यांचे वजन पहिल्या वर्षात सरासरी ४ ते ५ किलोंनी वाढते आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होते. पूर्वी दहा वाजता चहाबरोबर सिगारेट असायची, आता चहाबरोबर दोन खारी किंवा चार बिस्किटे असतात. दिवसाला असे चार चहा धरले तर मैदा आणि साखर यांचा जो भार यकृतावर पडतो, त्याचे ट्रायग्लिसराइड होते.

तेव्हा वाढलेला आकडा सिगारेट सोडल्याचा नसून तिच्या जागी आलेल्या खाण्याचा आहे. उपायही तिथेच करायचा: चहा कमी साखरेचा करावा, खारीऐवजी भाजलेले चणे किंवा शेंगदाण्याची छोटी मूठ ठेवावी आणि जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालावे. जेवणानंतरचीच वेळ यासाठी निवडावी, कारण सिगारेटची तल्लफ तेव्हाच सर्वांत जोरात येते. वजन वाढूनही सोडणाऱ्याच्या हृदयाचा धोका कमीच होतो. सोडण्यासाठी मदत हवी असल्यास राष्ट्रीय तंबाखू मुक्ती सेवेचा १८००-११-२३५६ हा क्रमांक निःशुल्क आहे. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर निकोटिनची सवय घट्ट आहे असे समजावे आणि निव्वळ निर्धारावर न विसंबता डॉक्टरांकडून निकोटिनचे च्युइंगगम, पॅच किंवा गोळी याविषयी सल्ला घ्यावा.

झोप किती कमी झाली की चरबीवर परिणाम होतो?

वर्षानुवर्षे जागरण करावे लागत नाही. शिकागो विद्यापीठातील एका प्रयोगात १९ निरोगी तरुणांना सलग चार रात्री केवळ साडेचार तास झोपू दिले. त्यांच्या रक्तातली मेदाम्ले रात्री उशिरा आणि पहाटे १५ ते ३० टक्क्यांनी चढी राहिली आणि त्याच वेळी इन्शुलिनचा प्रभाव घटला. पुरेशा झोपेत ही मेदाम्ले पहाटे उतरायला हवीत. वर वर्णन केलेल्या साखळीची पहिली कडी म्हणजे हीच, आणि ती धडधाकट तरुणांत चार रात्रींत दिसली.

या तरुणांना अन्न मोजून दिले होते. घरी तसे होत नाही. अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि ओढा गोड, तळलेल्या पदार्थांकडे असतो. रात्री एक वाजेपर्यंत जागणारा माणूस अकरानंतर पुन्हा एकदा डबे उघडतो आणि त्याला ते दिवसाच्या हिशेबात आठवतही नाही. जागरणाचा सर्वांत मोठा परिणाम या वाटेने होतो, असे माझे मत आहे. प्रौढ माणसाला साधारण सात तासांची झोप लागते. नऊ तासांहून अधिक झोपूनही थकवा जात नसेल तर थायरॉइड, नैराश्य किंवा घोरण्याचा आजार शोधावा.

घोरण्याचा आणि ट्रायग्लिसराइडचा संबंध असतो का?

नुसत्या घोरण्याचा नसतो, पण घोरताना मध्येच श्वास अडकत असेल तर असतो. या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. प्रत्येक वेळी श्वास अडकला की रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागे करतो आणि ॲड्रेनलिनची लाट येते. तीव्र आजारात हे तासाला तीसहून अधिक वेळा घडते. ऑक्सिजनच्या या चढउतारामुळे यकृत चरबी जास्त बनवते आणि रक्तातले ट्रायग्लिसराइड साफ होण्याचा वेग मंदावतो. असा माणूस आठ तास अंथरुणात असतो आणि ‘माझी झोप उत्तम आहे’ असे मनापासून सांगतो. म्हणून मी हा प्रश्न त्याच्या पत्नीला विचारतो. ‘मध्येच एकदम शांत होतात आणि मग धसका बसल्यासारखे घोरतात’ हे वाक्य तिच्याकडून आले, सकाळी डोके जड असले आणि दुपारी बसल्याजागी डुलकी लागत असली, तर स्लीप स्टडी करून घ्यावी. झोपेत मास्कवाटे हवेचा दाब देणाऱ्या सीपॅप यंत्राने लिपिडचे आकडे थोडेच सुधारतात, पण रक्तदाब आणि दिवसाची झापड यांत होणारा फरक रुग्णाला स्वतःला जाणवतो.

मी रात्रपाळीत काम करतो. रक्ताचा नमुना कधी द्यावा?

याविषयी मला सर्वांत अधिक कळकळीने सांगायचे आहे, कारण चुकीच्या वेळी घेतलेल्या नमुन्यावर गोळ्या सुरू झालेले लोक मी पाहिले आहेत.

कारखान्यातली वार्षिक तपासणी अनेकदा पाळी सुटताना, सकाळी सात-साडेसातला होते. नमुना घेणारा विचारतो, ‘उपाशी आहात ना?’ कामगार म्हणतो, ‘हो, सकाळपासून काही खाल्लेले नाही.’ तो खोटे बोलत नसतो. पण रात्री साडेबाराला त्याने डबा खाल्लेला असतो आणि साडेचारला दुधाचा गोड चहा व बिस्किटे घेतलेली असतात. म्हणजे पोट केवळ तीन तास रिकामे आहे. जेवणानंतर ट्रायग्लिसराइड साधारण तीन ते पाच तासांनी शिखरावर पोहोचते, आणि रात्री घेतलेले अन्न शरीर दिवसाच्या मानाने सावकाश हाताळते. त्यात रात्रभराचे जागरण आणि गेटबाहेर ओढलेली सिगारेट यांची भर पडते.

चुकीचा आकडा तिथेच थांबत नाही. बहुतेक प्रयोगशाळा एलडीएल थेट मोजत नाहीत, तर १९७२ पासून चालत आलेल्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढतात:

एलडीएल = एकूण कोलेस्टेरॉल − एचडीएल − (ट्रायग्लिसराइड ÷ ५)

ट्रायग्लिसराइड फुगले की वजाबाकी वाढते आणि एलडीएल खरे असते त्यापेक्षा कमी दिसते. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे गेले तर हे सूत्र वापरायचेच नसते. म्हणजे एकाच नमुन्यात एक आकडा विनाकारण घाबरवतो आणि दुसरा विनाकारण धीर देतो.

यासाठी नमुना दिवसपाळीच्या आठवड्यात किंवा सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, किमान दोन रात्री नीट झोपल्यानंतर द्यावा. आधी दहा ते बारा तास पाण्याशिवाय काही घेऊ नये आणि आधीचे तीन दिवस मद्य टाळावे. त्या सकाळी सिगारेट ओढू नये व तंबाखू खाऊ नये, आणि सुई टोचण्याआधी पाच-दहा मिनिटे बसून राहावे, कारण बराच वेळ उभे राहिल्याने रक्त दाट होऊन कोलेस्टेरॉल वाढलेले दिसते. सर्वसाधारण तपासणीसाठी उपाशी नसतानाचा नमुनाही आता स्वीकारला जातो, हे खरे आहे. पण तुमची अडचण ट्रायग्लिसराइडचीच असेल तर उपाशीपोटी दिलेला नमुनाच उपयोगी पडतो.

मानसिक ताणाने कोलेस्टेरॉल खरोखर वाढते का?

वाढते, आणि हे जुने निरीक्षण आहे. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेत फ्रीडमन, रोझनमन आणि कॅरोल यांनी सुमारे चाळीस हिशेबनिसांचे रक्त काही महिने वारंवार तपासले. १५ एप्रिलला करविवरणाची मुदत असते. त्या मुदतीच्या दिवसांत त्यांचे कोलेस्टेरॉल चढले आणि नंतर उतरले, आणि आहार किंवा वजन यांतल्या बदलाने त्याचा उलगडा होत नव्हता. आपल्याकडे ज्यांच्या घरी सनदी लेखापाल आहेत त्यांना मुदतीपूर्वीचे ते दिवस कसे असतात हे वेगळे सांगायला नको.

पण मुदतीचा ताण आणि वर्षानुवर्षांचा ताण यांत फरक करायला हवा. थोड्या काळाच्या तीव्र ताणात रक्तातले पाणी कमी होऊन ते काहीसे दाट होते, आणि आकडा वाढण्यातला एक भाग निव्वळ या दाटपणाचा असतो. तो उतरतोही लवकर. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची शुश्रूषा करणाऱ्या सुनेचा किंवा कंत्राटी नोकरी आणि घराचा हप्ता यांत अडकलेल्या माणसाचा ताण असा उतरत नाही. त्यांच्यात चढ्या कॉर्टिसॉलमुळे चरबी पोटात, आतड्यांभोवती साठते. या चरबीतून सुटणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात उतरतात, म्हणून तिचा त्रास मांड्यांवरच्या चरबीपेक्षा जास्त असतो. पोटाचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला असेल तर ही प्रक्रिया सुरू झाली आहे असे समजावे.

याशिवाय ताणाचा बराच परिणाम त्याच्या सोबत्यांमधून होतो: संध्याकाळी फिरायला जाणे बंद होते, गोळी घ्यायची राहते, रात्री झोप लागत नाही, सिगारेटी वाढतात आणि ‘थोडे सैल व्हायला’ म्हणून दारू सुरू होते. दारू ट्रायग्लिसराइड थेट वाढवते. एखाद्याचे ट्रायग्लिसराइड ४०० असेल तर ताणाची चर्चा करण्यापूर्वी मी दारूविषयी विचारतो, तेही घरच्यांना बाहेर बसवून.

माझे एलडीएल २१० आहे. ते ताणामुळे असू शकेल का?

नाही, आणि तसे समजून वाट पाहण्यात वेळ घालवू नये. एलडीएल १९० च्या पुढे असेल तर आनुवंशिक कारण, थायरॉइडची कमतरता आणि मूत्रपिंडाचा विकार शोधावा लागतो. आई-वडील, भावंडे आणि मुले यांचेही कोलेस्टेरॉल तपासावे. अशा रुग्णाला औषध लागतेच. झोप व ताण यांकडे लक्ष द्यावे, पण औषधाऐवजी नव्हे.

झोपेच्या किंवा मनाच्या गोळ्यांनी लिपिड बिघडते का?

सर्वच गोळ्यांनी नाही. मात्र ओलान्झापिन आणि क्वेटियापिन या औषधांनी वजन व ट्रायग्लिसराइड वाढू शकते, आणि यांतली दुसरी काही वेळा कमी मात्रेत केवळ झोपेसाठी दिलेली आढळते. स्टेरॉइडच्या गोळ्याही याच यादीत येतात. औषध मनाने बंद करू नये, चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना दाखवावी.

एखाद्या प्रत्यक्ष रिपोर्टवरून हे सारे समजावून सांगाल का?

खालचे उदाहरण कोणा एका रुग्णाचे नाही. नेहमी दिसणाऱ्या रिपोर्टांवरून ते जुळवलेले आहे.

त्रेचाळीस वर्षांचे गृहस्थ, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. वजन ७८ किलो, पोटाचा घेर ९८ सेंटिमीटर, दिवसाला दहा सिगारेटी. महिन्यातले दोन आठवडे रात्रपाळी. दिवसा झोप चार-साडेचार तास, कारण एका खोलीचे घर, दहा वाजता कुकरची शिट्टी आणि बाराला मुले शाळेतून परत. पाळी सुटताना घेतलेल्या नमुन्यात एकूण कोलेस्टेरॉल १९८, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड २६०. सूत्राने एलडीएल १९८ − ३४ − ५२ = ११२.

सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, नीट उपाशीपोटी, नमुना पुन्हा घेतला. एकूण १९४, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड २१५, एलडीएल १९४ − ३४ − ४३ = ११७. म्हणजे ट्रायग्लिसराइडमधले ४५ अंक बहुधा चुकीच्या वेळचे होते, पण उरलेले २१५ खरे होते. नॉन-एचडीएल १६० निघाले. थायरॉइड ठीक होते, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.० टक्के होता, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

त्यांनी सिगारेट सोडली. तीन महिन्यांनी एचडीएल ३७ झाले, पण वजन ८०.५ किलो आणि ट्रायग्लिसराइड २२२. चहा-बिस्किटांचा हिशेब तेव्हा निघाला. त्यानंतर दोनच गोष्टी बदलल्या. रात्रपाळीतला मुख्य डबा पाळीला निघण्यापूर्वी घरीच खायचा आणि मध्यरात्री मूठभर चणे व ताक एवढेच घ्यायचे, ही पहिली. दुसरी झोपेची: सकाळी आठ ते बारा ही झोप शेजारच्या भावाच्या घरी, जाड पडदा लावलेल्या खोलीत, आणि निघण्याआधी संध्याकाळी पुन्हा दोन तास. सलग नसली तरी सहा तासांची झोप झाली.

सहा महिन्यांनी एकूण १८४, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड १६५, एलडीएल १८४ − ३८ − ३३ = ११३, वजन ७६ किलो. एलडीएल ११७ वरून ११३ झाले, म्हणजे जवळपास तसेच राहिले, आणि एवढ्यावरच नजर टाकली तर सहा महिन्यांच्या कष्टांतून काही निष्पन्न झाले नाही असे वाटेल. पण नॉन-एचडीएल १६० वरून १४६ वर आले आणि ट्रायग्लिसराइड ५० अंकांनी उतरले.

तरीही १४६ हा आकडा त्यांच्यासाठी पुरेसा नव्हता. वडिलांना ५२ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता, आणि वडील किंवा भावाला ५५ च्या आत झटका येणे हा स्वतंत्र धोका धरतात. म्हणून सर्व बाजूंनी बोलून स्टॅटिन ही एलडीएल उतरवणारी गोळी सुरू केली. ‘एवढे सगळे करूनही गोळी?’ असे त्यांनी विचारले. झोप आणि सिगारेट यांनी ट्रायग्लिसराइडची बाजू सावरली होती, तर वडिलांकडून आलेल्या धोक्यासाठी एलडीएलचे कण कमी करणे गरजेचे होते आणि ते काम गोळीचे होते.

बदल केल्यावर चाचणी किती दिवसांनी करावी?

तीन महिन्यांनी करावी, त्याआधी नको. ट्रायग्लिसराइड एकाच माणसात, काहीही न बदलता, एका दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत वीसेक टक्क्यांनी वरखाली होऊ शकते. १८० चे १६० झाले तर त्याला सुधारणा म्हणू नये आणि १६० चे १८० झाले तर खचून जाऊ नये. दोन चाचण्या एकाच प्रयोगशाळेत, सारख्याच उपवासानंतर आणि सारख्याच पाळीच्या आठवड्यात कराव्यात. नुकताच ताप, संसर्ग किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर काही आठवडे थांबावे, कारण आजारपणात कोलेस्टेरॉल तात्पुरते उतरते. ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे असेल तर मात्र तीन महिने थांबू नये. तिथे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते.

रिपोर्ट सुधारल्यावर आधीपासून चालू असलेली गोळी थांबवता येईल का?

ज्या कारणाने गोळी सुरू झाली होती त्यावर ते अवलंबून आहे. झटका येऊन गेला असेल, स्टेंट टाकली असेल किंवा मधुमेह असेल, तर चांगला रिपोर्ट हा गोळीचाच परिणाम असतो आणि ती थांबवल्यावर काही आठवड्यांत आकडा पूर्वपदावर येतो. केवळ ट्रायग्लिसराइडसाठी औषध सुरू झाले असेल, आणि मधल्या काळात सिगारेट व दारू सुटली असेल, झोप सुधारली असेल आणि वजन उतरले असेल, तर डॉक्टरांशी बोलून ते कमी करण्याचा विचार होऊ शकतो. त्या भेटीला जाताना जुने-नवे सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून न्यावेत आणि प्रत्येकावर त्या वेळी पाळी कोणती होती, किती तासांचा उपवास होता आणि सिगारेट चालू होती की बंद, हे पेनाने लिहून ठेवावे.